नोटीस न भरता पैसे भरून सुटता येतं का? आणि गार्डन लीव्ह म्हणजे नेमकं काय?

जूनच्या शेवटच्या रविवारी माझा भाचा तासगावहून सांगलीला घरी आला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये तो क्वालिटीला आहे. चाकणच्या कंपनीची ऑफर हातात होती आणि चेहऱ्यावर घाई.

"मामा, माझी नोटीस साठ दिवसांची आहे. त्यांना मी पंचवीस दिवसांत हजर पाहिजे. राहिलेल्या दिवसांचे पैसे भरले की सुटलो ना?"

मी म्हटलं, "आधी अपॉइंटमेंट लेटर दाखव. सगळी पानं."

कुपवाडच्याच एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं काढली, आधी टाइम ऑफिसला आणि मग एचआरमध्ये. त्या काळात किती माणसांचे हिशेब माझ्या हातून गेले याची गणती नाही. पैसे भरून सुटता येतं का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या लेटरमधल्या एका वाक्यात असतं. त्या वाक्यात 'किंवा' हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिलाय, एवढंच शोधायचं.

भाच्याच्या लेटरच्या तिसऱ्या पानावरचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: "दोन्हीपैकी कोणताही पक्ष साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन किंवा त्याऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार देऊन ही नोकरी संपवू शकेल." एवढंच असतं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. इथे निवड दोघांनाही दिलीय. माणसाने राजीनामा दिला, कमी पडणाऱ्या दिवसांचे पैसे देऊ केले, तर कंपनीला "नाही, तू साठ दिवस भरच" म्हणता येत नाही. मात्र पैसे खरोखर देऊ करायला हवेत. नुसतं "नंतर बघू" चालत नाही. राजीनाम्यातच "एवढ्या दिवसांची रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून वळती करावी, कमी पडल्यास मी भरेन" असं लिहावं लागतं.

पण पाचव्या पानावर, बारीक अक्षरांत, दुसरं कलम निघालं. "कर्मचाऱ्याने नोटीस कालावधी पूर्ण न केल्यास त्याऐवजी रक्कम स्वीकारायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी कंपनीचा राहील." म्हणजे तिसऱ्या पानावर दिलेली निवड पाचव्या पानावर काढून घेतली होती. अशी दोन कलमं एकमेकांवर आदळली की भांडायला जागा असते. पण भांडायला वेळ लागतो आणि याच्याकडे पंचवीस दिवस होते. मी त्याला सांगितलं, की तुझा हक्क आहे असं धरून चालू नकोस, परवानगी मागायची आहे असं धर.

खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचं उदाहरण इथे चांगलं लागू पडतं, कारण तिथे हे नियमातच लिहिलंय. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींचे १९८१ चे नियम सांगतात, की कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची. त्याआधी जायचं असेल तर व्यवस्थापन पैसे घेऊन सोडू शकतं. 'सोडू शकतं', सोडलंच पाहिजे असं नाही. तिथे रक्कमही भत्ते वगळून फक्त मूळ वेतनाची आणि जेवढे दिवस कमी पडतात तेवढ्याच दिवसांची. माझ्या मते हे नियम बऱ्याच कंपन्यांच्या लेटरपेक्षा स्पष्ट आहेत. कारखान्यातला कामगार असेल तर त्याने लेटरबरोबर तिथले स्थायी आदेशही बघावेत, कारण त्यांतही नोटिशीचं आणि तिच्याऐवजी पगार देण्याचं कलम असतं.

आता लोकांच्या मनातली भीती. कंपनी नाही म्हणाली आणि माणूस उठून गेला, तर त्याला धरून आणून कामाला लावता येतं का? नाही. कोणाला मनाविरुद्ध चाकरी करायला लावणारा हुकूम न्यायालय देत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने अशा वैयक्तिक सेवेच्या करारांना ते दार बंद केलेलं आहे. कंपनीच्या हातात राहते ती नुकसानभरपाई. तिथेही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आडवं येतं. करारात जो आकडा लिहिलाय ती कमाल मर्यादा, त्याच्या आत जे वाजवी असेल तेवढंच मिळतं.

पण धरून आणता येत नाही म्हणजे सुटलो, असं नसतं. खरी अडवणूक रिलीव्हिंग लेटरवर होते. चाकणसारख्या ठिकाणी नवी कंपनी ते मागते आणि जुन्या ठिकाणी फोन करून विचारतेसुद्धा. 'न सांगता निघून गेला' असा शेरा पडला की पुढच्या दोन-तीन नोकऱ्यांत तो शेरा खुलासा मागत राहतो. म्हणून मी कोणालाही "जा निघून" असा सल्ला आजवर दिलेला नाही.

भाच्याने १ जुलैला राजीनामा दिला. २ जुलैपासून मोजलं तर साठावा दिवस ३० ऑगस्ट. त्याला २६ जुलैला मोकळं व्हायचं होतं, म्हणजे पंचवीस दिवस भरले आणि पस्तीस राहिले. पगार महिना ४८,००० रुपये, त्यात मूळ पगार २४,०००. आता पस्तीस दिवसांचे किती?

इथे पहिला प्रश्न: कोणता पगार? लेटरमध्ये नुसतं 'पगार' लिहिलेलं असलं तर कंपनी एकूण पगार धरते, कर्मचारी मूळ पगार. एकूण पगार तीसने भागला तर दिवसाचे १,६०० रुपये, म्हणजे पस्तीस दिवसांचे ५६,०००. मूळ पगार धरला तर दिवसाचे ८००, म्हणजे बरोबर अर्धे, २८,०००. एका शब्दावर २८,००० रुपये अवलंबून असतात. भाच्याच्या लेटरमध्ये 'एकूण मासिक पगार' असं स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे तिथे बोलायला वाव नव्हता.

दुसरा प्रश्न भागाकाराचा, आणि चूक सगळ्यात जास्त इथेच होते. त्याला जो पहिला हिशेब मिळाला त्यात वसुली ६४,६१५ रुपये दाखवली होती. तो घाबरून फोनवर म्हणाला, "मामा, हे कुठून आलं?" मी आकडा बघितल्याबरोबर ओळखलं. पगार २६ ने भागला होता, म्हणजे दिवसाचे १,८४६ रुपये, आणि गुणलं होतं ३५ ने. २६ हा आकडा महिन्यातल्या कामाच्या दिवसांचा. त्याने भागायचं तर दिवसही कामाचेच मोजायला हवेत. पस्तीस दिवस म्हणजे बरोबर पाच आठवडे. पाच साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की राहतात तीस, आणि रक्कम होते ५५,३८५. एक तर ३० ने भागून कॅलेंडरचे दिवस धरा, नाही तर २६ ने भागून कामाचे दिवस धरा. दोन्ही पद्धतींत रक्कम जवळजवळ सारखीच येते. भागायला एक आणि गुणायला दुसरा घेतला की माणसाच्या खिशातून नऊ हजारांच्या आसपास जास्तीचे जातात. हे मुद्दाम करतात असं माझं म्हणणं नाही. सॉफ्टवेअरमध्ये पगाराच्या कपातीसाठी २६ भरलेले असतात आणि नोटिशीचे दिवस कोणी तरी हाताने टाकतं. त्याने दोन ओळींचा मेल टाकला, हिशेब दुरुस्त होऊन ५६,००० आला.

तिसरी गोष्ट साठलेल्या रजेची. त्याच्या खात्यावर बारा हक्काच्या रजा होत्या. त्या विकायच्या, की नोटिशीत वळत्या करायच्या? त्याच्या कंपनीत रजेचे पैसे मूळ पगारावर मिळतात, म्हणजे बारा दिवसांचे ९,६००. नोटिशीची वसुली मात्र एकूण पगारावर. त्याच बारा रजा नोटिशीत वळत्या झाल्या तर १९,२०० वाचतात. दोन्ही बाजूंचा दर वेगळा असला की वळतं करून घेणंच फायद्याचं. पण हे आपोआप होत नाही, मागावं लागतं आणि कंपनीने मान्य करावं लागतं. त्याने मागितलं, साहेबांनी मान्य केलं. पस्तीसमधून बारा गेले, राहिले तेवीस, आणि रक्कम झाली ३६,८००.

साहेबांनी मान्य का केलं, तेही सांगायला हवं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. मी भाच्याला म्हटलं होतं, "तू जातोस याचा त्यांना त्रास कुठे होणार, ते आधी ओळख आणि तेवढं निस्तरून दे." त्याने राजीनाम्यातच लिहिलं, की ऑडिट संपेपर्यंत मी आहे, गेजच्या कॅलिब्रेशनची सगळी कागदपत्रं अमुक सहकाऱ्याच्या ताब्यात देतो, आणि २६ जुलैला मला मोकळं करावं. सोबत रकमेचं वाक्य. असं पत्र समोर आलं की नाही म्हणायचं कारण शोधावं लागतं. साहेब तोंडी हो म्हणाले तेव्हा तो खूश झाला. मी त्याला थांबवलं. शेवटची तारीख, वळत्या होणाऱ्या रजा आणि वसुलीची रक्कम या तिन्ही गोष्टी कंपनीच्या मेलवर लिहून आल्याशिवाय चाकणला तारीख कळवू नकोस, असं बजावलं. तोंडी 'हो' साहेबाची बदली झाली की नाहीसं होतं.

पैशांच्या आणखी दोन गोष्टी याच ओघात सांगतो. काही हिशेबांत वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला मी पाहिलाय. तो लागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय, ते परिपत्रक दाखवावं. दुसरं असं, की नवी कंपनी "नोटिशीचे पैसे आम्ही देऊ" म्हणते तेव्हा ती रक्कम सहसा पहिल्या पगाराबरोबर येते, पगारासारखा कर कापून येते, आणि वर्षभरात सोडलं तर परत द्यावी लागेल अशी अटही बहुतेक वेळा असते. ती मिळवायला जुन्या कंपनीचा वसुली दाखवणारा हिशेब लागतो, म्हणून तो कागद जपून ठेवावा. आणि काम केलेल्या दिवसांचा पगार नोटिशीच्या भांडणात महिनोन्महिने अडवून ठेवता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं देणं दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला सांगितलंय.

हे झालं पैसे भरून लवकर सुटण्याचं. गार्डन लीव्ह याच्या नेमकं उलट आहे, पण लोक दोन्हींची गल्लत करतात. ती गल्लत महागात पडू शकते.

पलूसकडचा माझ्या ओळखीचा एक जण द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीत एरिया मॅनेजर होता. नोटीस तीन महिन्यांची. त्याने १५ ऑगस्टच्या आसपास राजीनामा दिला, जाणार होता दुसऱ्या औषध कंपनीत. दोन दिवसांत कोल्हापूरच्या ऑफिसला बोलावलं. लॅपटॉप, कंपनीचं सिम आणि डीलरच्या याद्या जमा करून घेतल्या आणि एक पत्र हातात दिलं. उद्यापासून यायचं नाही, डीलरना भेटायचं नाही, फोन करायचा नाही, पगार नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू राहील.

त्याला वाटलं, सोडलं एकदाचं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला नव्या ठिकाणी रुजू व्हायची तयारी चालली होती. सुदैवाने पत्र घेऊन तो आधी माझ्याकडे आला.

मी त्याला म्हटलं, "तुला सोडलेलं नाही. घरी बसवलंय."

गार्डन लीव्ह म्हणजे हेच. नोटिशीच्या काळात कंपनी माणसाला कामावर येऊ नको म्हणते, पण नोकरी चालू ठेवते आणि पगारही देते. हा शब्द इंग्लंडातून आला. घरी बसून बागेत लक्ष घाला, असा त्याचा अर्थ. कारण सरळ असतं. जाणारा माणूस प्रतिस्पर्ध्याकडे जातोय, त्याच्या डोक्यात भाव, सवलती आणि गिऱ्हाइकं ताजी आहेत, ती थोडी शिळी होऊ द्यायची आणि तेवढ्यात त्याच्या जागी दुसरा माणूस डीलरना भेटवायचा. पलूस-तासगावच्या पट्ट्यात तर हे कारण कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरीची फवारणी सुरू होते, आणि वर्षातला मोठा धंदा त्या काही आठवड्यांत होतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्याला घरी बसवलं म्हणजे तो हंगाम कंपनीने आपल्याकडे राखला.

ओळखायची खूण अशी, की पैसे कोण कोणाला देतंय आणि नोकरी कोणत्या तारखेला संपतेय या दोनच गोष्टी बघायच्या. भाच्याच्या बाबतीत पैसे त्याच्याकडून कंपनीला गेले आणि नोकरी २६ जुलैला संपली, २७ ला तो कोणाचाही नव्हता. या एरिया मॅनेजरच्या बाबतीत पैसे कंपनीकडून येत होते आणि नोकरी नोव्हेंबरपर्यंत चालू होती. तिसराही एक प्रकार असतो. कंपनीच तीन महिन्यांचा पगार एकदम देते आणि आजच नातं संपवते. तिथे पैसे कंपनीकडून येतात, पण नोकरी संपलेली असते, त्यामुळे उद्या दुसरीकडे जायला माणूस मोकळा. पत्रात 'आजपासून सेवा समाप्त' लिहिलंय की 'अमुक तारखेपर्यंत आपण कंपनीच्या सेवेत राहाल' लिहिलंय, ते वाचलं की हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात.

तो सप्टेंबरमध्येच रुजू झाला असता तर? नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट आपल्याकडे पाळावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय, की नोकरीच्या मुदतीत घातलेलं असं बंधन धंद्याला अडथळा ठरत नाही. त्याने ते मोडलं असतं तर कंपनीला पगार थांबवायला, मनाईहुकूम मागायला आणि करारभंग म्हणून काढायला कारण मिळालं असतं. शिवाय हे लपतही नाही. एकाच महिन्यात दोन कंपन्यांकडून पीएफ भरला गेला की त्याच्या खात्यावर सेवेचे दिवस एकमेकांवर आलेले दिसतात आणि पुढे कोणीही ते पाहून विचारू शकतं.

पण कंपनीचा हात या काळात कुठवर पोचतो, यालाही हद्द आहे. आपल्याकडे गार्डन लीव्हसाठी वेगळा कायदा नाही, सगळं करारावर चालतं. त्यामुळे पगार म्हणजे पूर्ण पगार. त्याच्या पत्रात 'मूळ पगार चालू राहील' लिहिलं होतं. मी त्याला लगेच लेखी विचारायला लावलं. महिना ६२,००० च्या पगारातून फिरतीचा ९,००० रुपयांचा भत्ता बंद होणं समजण्यासारखं आहे, कारण फिरती नाही. घरभाडे भत्ता मात्र घरी बसल्याने बंद होत नाही. चार दिवसांनी दुरुस्त पत्र आलं. फिरती वगळून ५३,००० आणि पीएफ चालू.

शेवटी एक मुद्दा उरला होता, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबरात रिलीव्हिंग लेटर देताना त्याच्यापुढे आणखी एक कागद ठेवला गेला. आजपासून पुढचे तीन महिने प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही, त्याबद्दल कंपनी तेवढा पगार देईल. मथळा तोच, गार्डन लीव्ह. पण आता नोकरी संपलेली होती, आणि तिथे सगळं बदलतं. करार कायद्याचं कलम २७ सांगतं, की कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अगदी असंच कलम आलं होतं. व्हिसा अर्जांचं काम करणाऱ्या कंपनीने नोकरी सुटल्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी पगार देऊन माणसाला घरी बसवण्याची अट घातली होती. पैसे मिळतायत म्हणून हे बंधन चालतं, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची पोट भरायची दुसरी वाट अडवता येत नाही, मग त्या बदल्यात पैसे देऊ केले तरी नाही. जुन्या कंपनीची गुपितं फोडू नयेत हे बंधन मात्र नंतरही राहतं, आणि ते राहायलाही हवं.

त्याने तो दुसरा कागद सही न करता परत केला, आणि फक्त गुपितं न फोडण्याच्या हमीपत्रावर सही केली. रिलीव्हिंग लेटर आठवड्याने कुरियरने आलं.

ते तीन महिने तो खरोखर बागेत होता. आपल्याकडे द्राक्षाच्या मळ्याला बागच म्हणतात. नोकरी लागल्यापासून इतरांच्या बागांतली छाटणी बघत फिरणारा माणूस पहिल्यांदा वडिलांच्या सव्वा एकराच्या छाटणीला पहिल्या दिवसापासून हजर राहिला. घरच्या शेतीत राबणं म्हणजे दुसरी नोकरी नव्हे, त्यामुळे त्याला कोणाची हरकत नव्हती. शेजारचे बागाईतदार फवारणी कोणती घ्यायची हे विचारायला बांधावर यायचे, तेव्हा मात्र तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "पंधरा नोव्हेंबरनंतर सांगतो, आबा."